कानांसाठी पंख, डोळ्यांसाठी मान

कबुतर आणि गव्हाणी घुबड यांच्या वजनात फारसा फरक नसतो. दोघंही साधारण तीन-साडेतीनशे ग्रॅमचे. शहरात तर दोघं एकाच इमारतीत भाडेकरूसारखे राहतात, कबुतर खिडकीच्या सज्जावर आणि घुबड डक्टमध्ये किंवा पाण्याच्या टाकीखाली. पण कबुतर उडालं की त्याचा फडफडाट घरात बसलेल्यालाही ऐकू येतो. घुबड मात्र अंधार पडल्यावर आपल्या डोक्यावरून पाच-सहा हातांवरून निघून जातं आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. पांढरट पोटाचं, बदामाच्या आकाराच्या गोऱ्या चेहऱ्याचं हे घुबड महाराष्ट्रात सगळीकडे आहे. गावातले जुने वाडे, देवळांची शिखरं, धान्याची गोदामं या त्याच्या आवडत्या जागा, कारण तिथे उंदीर असतात.

वजन सारखं असलं तरी पंख सारखे नाहीत. कबुतराचे पंख पसरले तर दोन-सव्वादोन फूट भरतात, घुबडाचे जवळजवळ तीन फूट, आणि ते रुंदही जास्त. तेवढंच वजन मोठ्या पंखांवर विभागलं जात असल्यामुळे घुबडाला हवेत टिकून राहायला वेग लागत नाही. शिकारीच्या वेळी ते ताशी दहा ते पंचवीस किलोमीटर एवढ्याच वेगाने, शेताच्या बांधावरून माणूस सायकल चालवेल तसं, जमिनीलगत जातं. ही गोष्ट साधी वाटते, पण आवाजाच्या हिशेबात ती फार मोठी आहे. पंखाच्या कडेवर हवा घासून जो आवाज होतो, तो वेगाच्या प्रमाणात वाढत नाही, त्याहून कितीतरी झपाट्याने वाढतो. वेग दुप्पट झाला तर आवाजाची शक्ती तीसपटीच्या आसपास जाते. म्हणजे घुबडाच्या शांततेचा पहिला हप्ता त्याच्या संथपणातच फिटलेला असतो.

मग प्रश्न पडतो की सगळी करामत संथपणाचीच तर नाही? जर्मनीत कॉटबुसच्या तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी हे तपासून पाहिलं. त्यांनी माणसाळलेलं गव्हाणी घुबड आणि खरूची आणि हॅरिस ससाणा हे दोन दिवसा शिकार करणारे पक्षी घेतले, त्यांना एका ठिकाणाहून दुसरीकडे उडत जायला शिकवलं, आणि वाटेत खाली मायक्रोफोनची मोठी रांग मांडली. एवढे मायक्रोफोन लागतात, कारण पक्ष्याचा आवाज आसपासच्या आवाजातून वेगळा काढावा लागतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की वेग सारखा धरला तरी घुबड उरलेल्या दोघांपेक्षा शांत असतं, आणि हा फरक मुख्यतः दीड-दोन हजार हर्ट्झच्या वरच्या, म्हणजे सुसकाऱ्यासारख्या बारीक आवाजांत दिसतो. खालच्या, जाड आवाजात घुबड काही फार वेगळं नाही. हा दोन हजारांचा आकडा लक्षात असू द्या.

संथपणापलीकडचं रहस्य पिसांत आहे. ते पहिल्यांदा नीट मांडलं रॉबर्ट रूल ग्रॅहम या ब्रिटिश अभ्यासकाने, १९३४ साली, आणि तेही पक्ष्यांच्या नव्हे तर विमानविद्येच्या नियतकालिकात. त्यांनी दाखवलेल्या तीन गोष्टींभोवतीच आजचं संशोधन फिरतं आहे.

त्यासाठी आधी साधं पीस कसं असतं ते पाहू. मध्ये दांडा. दांड्यातून दोन्हीकडे निघणारे शेकडो तंतू. प्रत्येक तंतूला पुन्हा उपतंतू, आणि त्यांच्यावर सूक्ष्म आकडे. हे आकडे शेजारच्या तंतूच्या उपतंतूंत अडकतात आणि सगळ्यांचं मिळून एक सलग पातं तयार होतं. कावळ्याचं पीस हातात घेऊन विस्कटलं आणि पुन्हा बोटांच्या चिमटीतून ओढलं तर ते परत जुळतं, ते या आकड्यांमुळे.

आता गव्हाणी घुबडाच्या पंखातलं सगळ्यात बाहेरचं मोठं पीस घ्या. उडताना वारा आधी याच पिसाच्या पुढच्या कडेवर येतो. कावळ्याच्या पिसाची ही कड सुरीसारखी सरळ आणि गुळगुळीत असते. घुबडाच्या पिसावर तिथे बारीक फणी असते. तंतूंची टोकं शेजाऱ्यांपासून सुटी होऊन किंचित वर वळलेली आणि एका दिशेला कललेली असतात. प्रत्येक दात काही मिलिमीटरांचा. उजेडासमोर धरलं की साध्या डोळ्यांनी दिसतात, आणि कडेवरून बोट फिरवलं तर एका दिशेने मऊ, दुसऱ्या दिशेने किंचित खरखरीत लागतात. त्याच पिसाची मागची कड पाहिली तर तिथे उलटा प्रकार. शेवटच्या भागात तंतूंवर आकडेच नसल्यामुळे ती टोकं कशालाही न बांधता मोकळी सुटलेली असतात, शालीच्या काठाला दशा असतात तशीच झालर. आणि पिसाचा वरचा पृष्ठभाग मखमली लागतो, कारण तिथे उपतंतूंची टोकं लांब वाढून केसांसारखी वर आलेली असतात.

या तिघांत मागच्या कडेची झालर समजायला सोपी आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो. पंखाला लागून वाहणारी हवा गुळगुळीत वाहत नाही, तिच्यात लहानलहान भोवरे असतात. हे भोवरे पंखाच्या मधल्या भागावर असेपर्यंत फारसा आवाज करत नाहीत. पंख संपतो त्या कडेवरून ते सुटतात तेव्हा मात्र करतात. कड जितकी धारदार आणि ताठ, तितका पंखावरून निसटण्याचा क्षण अचानक येतो आणि आवाज मोठा होतो. विमानाच्या पंखांचा आणि पंख्याच्या पात्यांचा बराचसा आवाज याच जागी तयार होतो. झालरीमुळे घुबडाच्या पंखाला एक ठरावीक रेषा अशी राहतच नाही. पंख हळूहळू विरळ होत हवेत मिसळतो आणि भोवऱ्यांना तो धक्का बसत नाही.

पुढच्या कडेवरच्या फणीचं काम थोडं वेगळं. घुबडाचा पंख चांगलाच बाकदार असतो आणि वेग कमी. अशा पंखावरून हवा लवकर सुटते आणि खवळते. फणीचे दात येणाऱ्या हवेला बारीक पट्ट्यांत विभागतात आणि लहान, नियमित पिळांच्या रूपाने पंखाच्या पृष्ठभागाला धरून ठेवतात, असं वायुबोगद्यातल्या प्रयोगांतून दिसतं. घुबड वळताना, उतरताना, शिकारीवर झडप घालण्याआधी पंख तिरके उचलतं तेव्हा याचा उपयोग सगळ्यात जास्त.

मखमलीबद्दल मात्र अभ्यासकांत वाद आहे. काहींच्या मते ती पंखावरच्या हवेची थरथर शोषून घेते. काहींच्या मते तिचं खरं काम याहून साधं आहे. पंख मिटता-उघडताना पिसं एकमेकांवर घासतात, आणि कबुतराचा खरखराट बराचसा त्या घर्षणाचाच असतो. मखमल ते घर्षण गिळून टाकते. मला हे दुसरं स्पष्टीकरण जास्त पटतं, कारण पिसं जिथे एकमेकांवर येतात त्या भागातच मखमल दाट असते. अर्थात दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असायला काहीच हरकत नाही.

आता त्या दोन हजार हर्ट्झकडे. घरात फिरणाऱ्या उंदराला त्याच्या खालचे आवाज जवळजवळ ऐकूच येत नाहीत. त्याची भाषाच बारीक आवाजांची आहे, बरीचशी तर आपल्या कानांच्याही पलीकडची. म्हणजे घुबडाच्या पंखांनी नेमका तोच आवाज काढून टाकला आहे जो उंदराला ऐकू येतो. उरलेला जाड आवाज उंदराच्या कानात शिरतच नाही. ‘घुबड आवाज करत नाही’ हे विधान माणसापुरतं जवळजवळ खरं आहे, उंदरापुरतं पूर्ण खरं.

पण ही अर्धीच गोष्ट. दुसरा अर्धा भाग घुबडाच्या स्वतःच्या कानांचा आहे. १९५०च्या दशकाच्या अखेरीला अमेरिकेत रॉजर पेन या तरुण संशोधकाने गव्हाणी घुबडांवर प्रयोग सुरू केले. हेच पेन पुढे देवमाशांच्या गाण्यांसाठी जगभर प्रसिद्ध झाले. त्यांनी एका खोलीत उजेडाचा कणही येणार नाही अशी व्यवस्था केली, जमिनीवर सुकी पानं पसरली आणि उंदीर सोडला. घुबडाने पूर्ण अंधारात झेप घेऊन उंदीर पकडला. वास किंवा अंगाची ऊब कळत असेल ही शंका उरायला नको, म्हणून उंदराएवढा कागदाचा बोळा दोरीने पानांतून ओढला. घुबडाने कागदावरही तशीच झडप घातली. आणि एका कानात कापूस घातल्यावर त्याचा नेम चुकला. एवढ्यावरून ठरलं की घुबड आवाजावर नेम धरतं.

तो नेम कसा बसतो, याचा उलगडा मासाकाझु कोनिशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढच्या दशकांत केला. गव्हाणी घुबडाच्या चेहऱ्याची ती गोल थाळी आवाज गोळा करून कानांकडे वळवते. कानांची छिद्रं समान उंचीवर नसतात, डावं थोडं वर आणि उजवं थोडं खाली. आवाज कोणत्या कानात आधी पोचला यावरून डावी-उजवी दिशा कळते, आणि कोणत्या कानात मोठा लागला यावरून वर-खाली. एक-दोन अंशांच्या अचूकतेने. यात सुकं पान कुरकुरण्याचा आवाज, म्हणजे पाच-सहा हजार हर्ट्झच्या आसपासचा आणि त्याच्या वरचा पट्टा, सगळ्यात कामाचा. उडतानाही घुबड ऐकत असतं आणि उंदराने जागा बदलली तर वाटेत दिशा बदलतं. त्याचे स्वतःचे पंख त्याच पट्ट्यात खसखसले असते, तर त्याला उंदीर ऐकूच आला नसता. उंदराला फसवण्यासाठी पंख शांत झाले की स्वतःला ऐकू यावं म्हणून, हा प्रश्न अभ्यासकांनी पुष्कळ घोळवला आहे. गव्हाणी घुबडाच्या बाबतीत दोन्ही फायदे एकाच पिसात मिळतात.

याची उलट बाजू आपल्याच नद्यांवर पाहायला मिळते. मत्स्य घुबड नदीकाठच्या मोठ्या झाडांवर राहतं आणि मासे, खेकडे, बेडूक खातं. पाण्यातल्या माशाला हवेतला पंखांचा आवाज फारसा पोचत नाही आणि घुबडालाही मासा ऐकून पकडायचा नसतो. त्यामुळे याच्या पिसांवर ती फणी आणि झालर नाही म्हणण्याइतकी कमी, चेहऱ्याची थाळी अर्धवट, आणि उडताना पंखांचा आवाज आपल्याला स्पष्ट ऐकू येतो. गरज नसेल तिथे निसर्गाने शांतता दिलेली नाही, याचा इतका सरळ पुरावा क्वचित मिळतो.

शिवाय शांततेची किंमत आहे. मखमली, सैल पिसं पाणी पटकन धरतात. मुसळधार पावसात गव्हाणी घुबडाचे पंख ओले होऊन जड होतात, पानांवरच्या पावसाच्या आवाजात उंदीरही ऐकू येत नाही, आणि सलग पाऊस लागला की त्याची उपासमार होते. पिसं तुटली तरीही तेच. पतंगाच्या मांजात अडकून आलेलं घुबड जखम भरल्यावर उडू लागलं म्हणजे बरं झालं असं होत नाही. पक्षी सांभाळणारे जाणकार त्याला बंद जागेत उडवून कान देऊन ऐकतात. पंखातून सूं-सूं आवाज आला तर त्याला सोडत नाहीत, नवी पिसं येईपर्यंत थांबतात. आणि घुबडाची सगळी मोठी पिसं एका वर्षात बदलत नाहीत, म्हणून हे थांबणं लांबू शकतं.

आता मान. तिची गोष्ट डोळ्यांपासून सुरू होते. आपला डोळा गोळीसारखा गोल आहे, म्हणून तो खोबणीत फिरतो. घुबडाचा डोळा नळीसारखा लांबट आहे. अंधारात जास्तीत जास्त उजेड घेण्यासाठी तो इतका मोठा झाला आहे की गोल ठेवला असता तर कवटीत मावला नसता. या नळीला हाडांच्या कड्याने घट्ट धरलेलं असतं. परिणामी घुबडाला डोळा फिरवता येत नाही, जिकडे चेहरा तिकडेच नजर. कानांचंही तसंच. आवाजावर नेमका रोख धरायचा तर चेहऱ्याची थाळीच तिकडे वळवावी लागते. जे काम आपण बुबुळांनी करतो ते सगळं त्याच्या मानेवर येऊन पडलं आहे.

ही मान दिसते त्याहून लांब असते. पिसांच्या खाली ती इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखी दुमडलेली असते, म्हणून बाहेरून डोकं थेट खांद्यांवर बसवल्यासारखं वाटतं. आपल्या मानेत सात मणके, घुबडाच्या मानेत चौदा. कवटी मणक्यांवर टेकते तो सांधाही वेगळा. माणसाच्या कवटीला खाली दोन उंचवटे आहेत, पक्ष्यांना एकच, आणि एका टेकूवर डोकं जास्त मोकळेपणी फिरतं. पण चौदा मणके आणि एक टेकू यांवर सगळं सुटत नाही, कारण पुष्कळ पक्ष्यांना हे दोन्ही आहे. गव्हाणी घुबडाच्या मानेचा अभ्यास केलेल्या जर्मन संशोधकांना असं दिसलं की वरचे मणके डावी-उजवीकडे वळतात, तर खालचे मणके मान कलवून पिळतात, आणि मान दुमडलेली असल्यामुळे या दोन हालचालींची बेरीज चेहऱ्याच्या वळण्यात होते. कोणत्याही एका सांध्यावर सगळा ताण येत नाही. या बेरजेतून घुबड चेहरा एका बाजूला सुमारे २७० अंश फिरवतं. म्हणजे उजवीकडून वळायला सुरुवात करून, पाठीमागून जाऊन, डाव्या खांद्याकडे पाहायचं. माणसाला एका बाजूला ऐंशी-नव्वद अंशांपलीकडे जमत नाही. डोकं पूर्ण ३६० अंश गोल फिरतं ही समजूत मात्र चुकीची आहे. टोकाला पोचल्यावर घुबड इतक्या झटकन उलटं वळतं की पाहणाऱ्याला ते फिरतच राहिलं असं वाटतं.

हाडांपेक्षा मोठी अडचण रक्तवाहिन्यांची. ओला टॉवेल पिळला की तो आवळतो, तशी मान पिळली की आतल्या धमन्या आवळायला हव्यात, ताणून फाटायलाही हव्यात. माणसाच्या मानेला अपघातात जोरात हिसका बसला तर मणक्यांतून जाणारी धमनी आतून फाटू शकते, गुठळी होऊन मेंदूपर्यंत जाऊ शकते आणि अर्धांगवायूचा झटका येऊ शकतो. घुबडं हे दिवसातून कितीतरी वेळा करतात आणि त्यांना काही होत नाही. हे कसं, असा प्रश्न अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात वैद्यकीय चित्रकार फॅबियन द कोक-मर्काडो आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे तज्ज्ञ फिलिप गायू यांना पडला. त्यांनी नैसर्गिक कारणांनी मेलेली बारा घुबडं घेतली, त्यांच्या धमन्यांत क्ष-किरणांत दिसणारा रंग सोडला, मान वळवत वळवत सीटी स्कॅन घेतले आणि मग शवविच्छेदनही केलं. २०१३ मध्ये त्यांनी जे मांडलं ते मला या साऱ्या विषयातलं सगळ्यात देखणं काम वाटतं.

मेंदूकडे जाणाऱ्या दोन धमन्या मणक्यांतल्या छिद्रांतून ओवलेल्या असतात. माणसात ही छिद्रं धमनीला पुरतील एवढीच असतात. घुबडात ती धमनीच्या सुमारे दहापट मोठी निघाली. मान वळली की धमनीला छिद्रात इकडेतिकडे सरकायला जागा मिळते. शिवाय धमनी अगदी खालच्या मणक्यांत शिरतच नाही. कवटीपासून मोजलं तर बाराव्या मणक्यात ती प्रवेश करते, त्याच्या खालच्या भागात ती सैल राहते, आणि वळताना ही ढील कामी येते. मानेच्या पुढच्या बाजूने जाणाऱ्या दुसऱ्या धमन्या मणक्यांना लागून, जवळजवळ फिरण्याच्या अक्षावरूनच जातात, म्हणून त्यांना लांब वळसा पडत नाही.

खरं आश्चर्य पुढे होतं. माणसाच्या धमन्या डोक्याकडे जाताना फाटे फुटत बारीक होत जातात. घुबडात, संशोधकांनी डोकं वळवून रंग सोडत राहिल्यावर, जबड्याच्या खाली कवटीच्या तळाशी धमन्या रुंद होत गेल्या. तिथे रक्ताचा साठा होऊ शकतो. मान टोकाला वळल्यावर खालून येणारा प्रवाह क्षणभर कमी झाला तरी डोळे आणि मेंदू या साठ्यावर निभावून नेऊ शकतात, असं संशोधकांचं अनुमान आहे. आणि मेंदूच्या पुढच्या आणि मागच्या धमन्यांना जोडणारा एक आडवा दुवाही सापडला. त्यामुळे एक वाट दबली तरी दुसरीकडून रक्त पोचतं.

या सगळ्यातून एक व्यवहारातली गोष्ट निघते. इमारतीच्या आवारात खाली पडलेलं घुबड आपल्याकडे मान पूर्ण मागे वळवून टक लावून पाहतं, तेव्हा लोक घाबरतात आणि अपशकुन म्हणून काठी उचलतात. ते वळणं निरोगीपणाचं लक्षण आहे. वळलेली मान परत सरळ येत असेल आणि चेहरा आपल्या हालचालीमागे फिरत असेल तर मान आणि मेंदू ठीक आहेत. मान एका बाजूला कलून तशीच राहिली असेल, किंवा डोकं उलटं लोंबत असेल, तर डोक्याला मार लागलेला असतो. अशा वेळी त्याचं डोकं धरू नका, पाणी पाजू नका. अंगावर हलकेच टॉवेल टाकून, हवेसाठी भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा आणि महाराष्ट्र वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. घुबड पकडणं, पाळणं, विकणं हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. आणि कधी देवळाच्या ओवरीत त्याचं गळलेलं पीस दिसलंच, तर घरी नेऊ नका, तिथेच वाकून त्याची पुढची कड उजेडासमोर पाहा. फणी नक्की दिसेल.